उतारावर लावलेली गाडी कुठवर थांबते? हँडब्रेक, शेवाळ आणि घर्षण गुणांकाचा हिशेब

माझं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. रस्ता वर आणि घर खाली, त्यामुळे फाटकापासून अंगणापर्यंत चिऱ्यांचा एक उतार बांधलेला आहे. मिरगाचा पाऊस सुरू झाला की पंधरा-वीस दिवसांत त्या चिऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं, ते दसऱ्यापर्यंत जात नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सकाळी मी गाडी त्या उतारावर नाक खाली करून लावली, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि फाटक लावायला मागं वळलो. शेजारचा पोरगा ओरडला, "सर, गाडी सरकालीय बघा!" मी पळेपर्यंत गाडी खाली गेली होती. जाताना तिचा मागचा भाग आडवा फिरला आणि कंपाउंडच्या भिंतीला घासला. दैव बलवत्तर, अंगणात कुणी नव्हतं.

मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. उताराच्या पाटावरचा ठोकळा फळ्यावर कितीतरी वेळा काढला असेल. त्या दिवशी हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता आणि मागची चाकं घट्ट अडकलेली होती. तरीही गाडी गेली. का गेली हे मी नंतर मोजून काढलं. नव्यानं गाडी घेतलेल्यांना आणि पीयूसीच्या मुलांना तेच मोजमाप स्वतःच्या उतारावर करता यावं म्हणून इथं क्रमानं लिहितो.

आधी बघा: गाडी घरंगळली की घसरली?

दोन्हीत गाडी खालीच जाते, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. चाक फिरत गाडी गेली तर ब्रेक कमी पडला. केबल सैल झाली असेल किंवा लायनिंग झिजलं असेल. तिथं घर्षण गुणांकाचा काही संबंध नाही, गाडी गॅरेजला न्यायची. चाक न फिरता गाडी गेली तर ब्रेकनं त्याचं काम केलं, पण टायर आणि जमीन यांच्यातली पकड सुटली. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

ओळखायचं कसं? मागच्या टायरवर खडूनं एक उभी रेघ मारा आणि ती तशीच खाली जमिनीवर ओढा. गाडी थोडी हलली आणि टायरवरची रेघ कलली, तर गाडी घरंगळली. टायरवरची रेघ उभीच आहे पण जमिनीवरच्या रेघेपासून पुढं गेली, तर गाडी घसरली. माझ्या वेळी खडूची गरज पडली नाही, कारण शेवाळावर सगळं उमटलं होतं. पुढच्या दोन चाकांखाली टायरच्या नक्षीचा ठसा होता, म्हणजे ती फिरत गेली होती. मागच्या दोन चाकांखाली शेवाळ खरवडून निघालेले दोन सपाट पट्टे होते. मागची चाकं शेवटपर्यंत अडकलेली होती, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

पुस्तकातलं उत्तर, आणि ते कुणाला लागू पडतं

चारही चाकं अडकलेली असतील तर हिशेब सोपा आहे. गाडीचं वजन उतारावर दोन भागांत वाटलं जातं. एक भाग उताराच्या दिशेनं गाडीला खाली ओढतो, दुसरा भाग चाकांना जमिनीवर दाबतो. घर्षण जास्तीत जास्त किती जोर लावू शकतं ते या दुसऱ्या भागावर ठरतं: तो भाग गुणिले घर्षण गुणांक μ. ओढणारा जोर या मर्यादेच्या आत असेल तोवर गाडी हलत नाही. दोन्ही बरोबर होतात ती हद्द अशी:

```
tan θ = μ
```

θ म्हणजे उताराचा कोन. वजन दोन्ही बाजूंना असल्यामुळं ते छेदून जातं. म्हणून भरलेला ट्रक आणि रिकामी मारुती, चारही चाकं अडकलेली असतील आणि टायरची पकड सारखी असेल, तर एकाच कोनावर घसरतील. कोरड्या डांबरावर μ साधारण ०.७ धरला तर हा कोन ३५ अंश येतो. एवढा उभा रस्ता कुणी बांधत नाही.

मग माझी गाडी त्याच्या चौथाई कोनावर कशी घसरली? एक तर शेवाळामुळं μ कमी झाला होता. पण दुसरं कारण मोठं आहे आणि ते पाठ्यपुस्तकातल्या ठोकळ्याला नसतं. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत हँडब्रेक फक्त मागची दोन चाकं अडकवतो. पुढची चाकं मोकळी असतात, ती गाडीला धरून ठेवण्यात काहीच हातभार लावत नाहीत. आणि इंजिन पुढं असल्यामुळं रिकाम्या गाडीचं जास्त वजन नेमकं त्या मोकळ्या चाकांवरच असतं.

उतार मोजायचा: एक मीटरची पट्टी पुरते

कोन मोजायच्या भानगडीत पडू नका. गवंड्याकडची एक मीटरची सरळ पट्टी किंवा ॲल्युमिनिअमचा रंधा घ्या आणि त्यावर पाणसळ ठेवा. पट्टीचं वरचं टोक उतारावर टेकवा आणि खालचं टोक उचलत पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणा. आता खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते टेपनं मोजा. १६ सेंटिमीटर आले तर उतार १६ टक्के, म्हणजे tan θ = ०.१६. वरच्या सूत्रात थेट tan θ च लागतो, त्यामुळं कोष्टकाची गरज नाही. माझा उतार एवढाच भरला, अंशात सांगायचं तर ९ अंशांहून किंचित जास्त.

जिथं चाकं उभी राहतात तिथंच मोजा. घराच्या उतारांना मध्ये कुठंतरी पोट असतं, आणि तिथला चढ सरासरीपेक्षा बराच जास्त निघतो.

घर्षण गुणांक मोजायचा: टायरचे तीन तुकडे आणि ताणकाटा

पुस्तकातले आकडे कोरड्या डांबराला चालतात. चिऱ्यावरच्या शेवाळासाठी कुठलाच आकडा विश्वासाचा नाही. तो आपणच काढायचा.

पंक्चरवाल्याकडून जुन्या पण नक्षी शाबूत असलेल्या टायरचा तुकडा आणा. त्यातून एकेक सेंटिमीटरचे तीन चौकोन कापून एका छोट्या फळीच्या खाली त्रिकोणात घट्ट बसवा. वर विटा ठेवून फळीसकट एकूण ६ किलो करा. तुकडे एवढे लहान का, तर रबराची पकड दाबावर थोडी अवलंबून असते. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असते, म्हणजे जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोचा दाब पडतो. तीन चौरस सेंटिमीटरवर सहा किलो ठेवले की तोच दाब मिळतो. मी पहिल्यांदा तळहाताएवढा तुकडा वापरला होता आणि गुणांक फारच चांगला आला होता. त्या आकड्यावर भरवसा ठेवला असता तर गाडी दुसऱ्यांदा भिंतीला लागली असती.

आता फळीला दोरी बांधून ताणकाटा लावा. जागेवर पाणी मारून ती पावसात असते तशी ओली करा. दोरी उताराला समांतर ठेवून हळूहळू ताण वाढवा आणि फळी सुटायच्या क्षणी काटा किती दाखवतो ते वाचा. आधी वरच्या दिशेनं ओढा, मग खालच्या दिशेनं. वर ओढताना उतार तुमच्या विरुद्ध असतो, खाली ओढताना तुमच्या बाजूनं. दोन्हींची सरासरी घेतली की उताराचा वाटा निघून जातो.

माझे आकडे: वर ओढताना ३.३ किलो, खाली ओढताना १.४ किलो. सरासरी २.३५. भागिले ६ केल्यावर ०.३९ आले. उतारामुळं वजनाचा थोडा भाग दाबात येत नाही, त्याची भरपाई करून μ जवळजवळ ०.४ निघाला. हे निदान पाच-सहा ठिकाणी करा, आणि सरासरी न घेता सर्वांत कमी आकडा धरा. गाडी उभी राहते ती नेमक्या चार ठिकाणी, त्या ठिकाणी शेवाळ दाट आहे की विरळ हे तिला निवडता येत नाही.

फळी सुटल्यावर काट्याचा आकडा एकदम खाली पडतो, तेही बघून ठेवा. सरकणाऱ्या रबराची पकड थांबलेल्या रबरापेक्षा कमी असते. म्हणून एकदा सुटलेली गाडी त्याच उतारावर आपणहून थांबत नाही, ती सपाट जागा किंवा भिंत येईपर्यंत जाते.

गाडीचे तीन आकडे

पहिला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, L. टेपनं मोजा. माझ्या गाडीचं २.४ मीटर.

दुसरा, मागच्या चाकांवर किती वजन आहे. आपल्या भागात उसाच्या काट्यांची काय कमी आहे! हंगाम नसताना काटेवाल्याला विनंती करून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवा, मग पूर्ण गाडी. माझी रिकामी गाडी ९०० किलो भरली, त्यातले ५४० किलो पुढं. म्हणजे मागं ३६० किलो, शंभरात चाळीस. यावरून गुरुत्वमध्य पुढच्या चाकांपासून किती मागं आहे ते कळतं: L च्या ४० टक्के, ०.९६ मीटर. त्याला a म्हणू.

तिसरा, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची, h. ही घरी मोजणं अवघड आहे. लहान हॅचबॅकसाठी ५४ ते ५५ सेंटिमीटर धरलं तर फार चुकत नाही. मी ०.५४ मीटर धरली. उंच एसयूव्हीसाठी हा आकडा वाढवावा लागेल.

उंचीचा काय संबंध? उतारावर गाडीचं वजन खालच्या बाजूच्या चाकांकडं झुकतं. डोक्यावर घागर घेऊन उतरणाऱ्या बाईला पुढच्या पायावर जास्त भार जाणवतो, तसंच हे. गाडीचं नाक वर असेल तर मागची चाकं खालच्या बाजूला येतात आणि त्यांच्यावर भार वाढतो. नाक खाली असेल तर तोच भार मागच्या चाकांवरून कमी होतो, आणि हँडब्रेक तर तिथंच आहे.

```
नाक वर:    tan θ = μ·a / (L − μ·h)
नाक खाली:  tan θ = μ·a / (L + μ·h)
```

माझ्या उतारावरचा हिशेब

μ = ०.४ घालून नाक वर असताना हद्द ०.१७६ येते, नाक खाली असताना ०.१४७. माझा उतार ०.१६. म्हणजे तोच उतार, तेच शेवाळ, तोच ब्रेक, पण गाडी उलटी लावली असती तर ती थांबली असती.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर किलोत करून बघा, मीही तसंच केलं. १६ टक्के उतारावर ९०० किलोच्या गाडीला खाली ओढणारा जोर १४२ किलोचा आहे. मागच्या चाकांवरचे ३६० किलो उतारामुळं ३५५ होतात. त्यात उंचीमुळं होणारी हलवाहलव मिळवायची: १४२ गुणिले ०.५४ भागिले २.४, म्हणजे ३२ किलो. नाक खाली असताना हे ३२ वजा होऊन मागं ३२३ उरतात. त्याचे ०.४ पट म्हणजे १२९ किलोची पकड. हवे होते १४२. तेरा किलो कमी पडले आणि गाडी गेली. नाक वर असतं तर मागं ३८७ किलो भार आला असता आणि पकड १५५ किलोची मिळाली असती.

चारही चाकं अडकलेली असती तर पकड ३५५ किलोची झाली असती, गरजेच्या अडीचपट. गाडीचा मागचा भाग आडवा का फिरला तेही यातच आहे. मागची चाकं घसरत होती आणि पुढची मोकळी फिरत होती. घसरणाऱ्या चाकाला आडवी पकड उरत नाही, म्हणून मागचा भाग पुढच्या भागाला गाठायला निघतो.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून दिसते. चारही चाकं अडकलेली असतात तेव्हा वजन छेदून जातं, पण दोनच चाकं अडकलेली असली की वजन कुठं ठेवलं आहे यानं फरक पडतो. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत तांदळाची पोती असताना जी गाडी उतारावर नीट उभी असते, ती सगळे उतरल्यावर आणि पोती काढल्यावर सुटू शकते. आपल्याकडं लग्नाच्या घरी असं अर्धं वऱ्हाड उतरेपर्यंत कुणीतरी गाडीमागं उभं असतंच. म्हणून हिशेब नेहमी रिकाम्या गाडीचा करा.

गिअर

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बंद इंजिनला गिअर टाकला की पुढची चाकंही अडकतात, आणि आपण दोन चाकांच्या सूत्रातून चार चाकांच्या सूत्राकडं जातो. माझ्या उतारावर हा फरक १२९ आणि ३५५ किलोंमधला आहे. नाक वर असेल तर पहिला गिअर, नाक खाली असेल तर रिव्हर्स.

पण पूर्ण चार चाकांएवढी खात्री यात नाही. पुढच्या दोन चाकांमध्ये डिफरेन्शियल असतं. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, त्यामुळं एक चाक चिखलात आणि दुसरं कोरड्या दगडावर असेल तर दगडावरचं चाकही चिखलातल्या चाकाएवढंच धरतं. हँडब्रेकचं तसं नाही, तो प्रत्येक चाकाला स्वतंत्र धरतो. शिवाय गिअरमध्ये गाडीला धरतं ते इंजिनमधल्या हवेचं दडपण, आणि जुन्या इंजिनात ते हळूहळू गळतं. ऑटोमॅटिक गाडीतलं पी हे लोखंडी खुंटीनं धरतं, ते गळत नाही, पण डिफरेन्शियलची अडचण तिथंही तीच. म्हणून आधी हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय हळूच काढून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, आणि मग गिअर टाका.

चोर्ल्याच्या घाटात हे लागतं का?

डांबरी रस्त्यावर सहसा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ ५ टक्के आणि अगदी अडचणीच्या जागी ७ टक्के धरलेला आहे. ओल्या रस्त्याचा μ ०.४ इतका कमी धरला तरी माझ्या गाडीची नाक खाली असतानाची हद्द १४.७ टक्के आहे. म्हणून घाटातल्या डांबरावर लावलेली गाडी हलली तर संशय आधी ब्रेकवर घ्या आणि खडूची रेघ मारा.

धोका डांबर संपतं तिथं आहे. कणकुंबीच्या पुढं धबधबा बघायला लोक गाडी रस्त्याखाली, लाल मातीत उतरवतात. त्या भिजलेल्या मातीचा μ ०.२ पर्यंत खाली येतो असं धरा. मग नाक खाली असताना हद्द ७.७ टक्के येते, आणि कडेचा उतार सहज तेवढा असतो. तिथं दोन चाकं तरी डांबरावर राहतील अशी गाडी लावा, आणि पुढची चाकं दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला वळवून ठेवा. मागची चाकं घसरली तरी पुढची मोकळी चाकं वळवलेल्या दिशेनं फिरतील आणि गाडी डोंगराकडं जाईल. चाकामागं दगड लावायचा असेल तर तो चिखलावर ठेवू नका, कारण तो दगडही त्याच चिखलावरून घसरेल. थोडी माती उकरून दगड रोवून बसवावा लागतो.

हद्दीच्या किती आत राहायचं

मी स्वतः निम्मं धरतो. हद्द ०.२० आली तर ०.१० पर्यंतच्या उताराला त्या पद्धतीनं गाडी लावायची. हे काही कुणाचं प्रमाण नाही, पण μ मोजताना माझ्याच दोन दिवसांच्या आकड्यांत चौथाईचा फरक पडला होता. रात्रीत पाऊस पडला, वरून झाडाचा पाला पडला, कुणी गाडीला धक्का दिला, तर उरलेली सगळी सोय त्यातच जाते.

माझ्या उतारावरचं शेवाळ मी चुनखडी टाकून तारेच्या ब्रशनं घासून काढलं आणि चिऱ्यांवर छिन्नीनं आडव्या खाचा पाडून घेतल्या. पुन्हा पाणी मारून फळी ओढली तेव्हा वर ४.५ आणि खाली २.६ किलो आले, म्हणजे μ ०.६. नाक खाली असतानाची हद्द आता ०.२१, नाक वर असताना ०.२८. उतार अजून ०.१६ च आहे, त्यामुळं निम्म्याच्या नियमात नुसता हँडब्रेक दोन्ही बाजूंनी बसत नाही. गाडी मी नाक वर करूनच लावतो, पहिल्या गिअरमध्ये, आणि दर वर्षी आषाढ लागला की ताणकाटा घेऊन पुन्हा उतारावर बसतो.